५५ इंची टीव्हीला कुठला ब्रॅकेट: सरळ, कलणारा की हातवाला?

प्रश्न: हॉलसाठी ५५ इंची टीव्ही घेतला, वजन १५ किलोच्या आसपास. दुकानात तीन ब्रॅकेट दाखवले: भिंतीला चिकटून बसणारा, वर-खाली कलणारा आणि हात बाहेर येऊन डावी-उजवीकडे वळणारा. तिन्हींवर '३२ ते ५५ इंच' लिहिलंय. घरच्यांना डायनिंग टेबलवरूनही टीव्ही दिसायला हवा, म्हणून हातवाला घ्यावा असं वाटतंय. घर हिंजवडीत, इमारत नवीन. कुठला घेऊ?

उत्तर:

तुम्ही टीव्हीबद्दल सगळं सांगितलंत, पण भिंत कशाची आहे ते सांगितलं नाहीत. आणि हातवाल्या ब्रॅकेटचा निकाल तिथेच लागतो. सरळ किंवा कलणारा ब्रॅकेट बहुतेक कुठल्याही धड भिंतीवर निभावून जातो. हातवाल्याचं तसं नाही. भिंतीकडे येतोच, पण आधी त्या इंचांचं बघू.

खोक्यावरचे इंच हा फक्त अंदाज असतो. ब्रॅकेट बनवणाऱ्याला तुमचा टीव्ही माहीत नसतो. त्या मापाच्या टीव्हींना साधारण जिथे भोकं असतात तिथे आपला ब्रॅकेट पोचतो, एवढंच तो सांगतो. टीव्हीला बसणार की नाही हे ठरतं पाठीमागच्या चार भोकांवर, आणि पेलणार की नाही हे वजनावर. ५५ इंचांचा एखादा टीव्ही १३ किलोचा असतो, एखादा २० च्या वर जातो. पूर्वीचा ५० इंची प्लाझ्मा तर तिशीच्या घरात असायचा. त्यामुळे '३२ ते ५५' वाचून ब्रॅकेट उचलू नका, त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले दोन आकडे वाचा.

पहिला आकडा भोकांचा. याला व्हेसा म्हणतात आणि तो मिलिमीटरमध्ये असतो. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत सापडेल, पण मी तरी टेप लावल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. टीव्ही अजून पायांवर उभा असेल तर तसाच मागून मोजा. उताणा-पालथा करायचा झाला तर पलंगावर जाड रजई पसरून, दोघांनी कडेला धरून, आणि मधोमध दाब न देता. एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत आधी आडवं मोजायचं, मग उभं. '४०० बाय २००' म्हणजे आडवं ४०० आणि उभं २००. उलटं वाचलंत तर ब्रॅकेट परत करायला जावं लागेल. ५५ इंचांत २०० बाय २००, ३०० बाय ३००, ४०० बाय २००, ४०० बाय ४०० यांपैकी काहीही निघू शकतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो.

सरळ आणि कलणाऱ्या ब्रॅकेटमध्ये भिंतीवर एक रुंद आडवी पट्टी बसते आणि टीव्हीच्या पाठीला दोन उभ्या पट्ट्या. उभ्या पट्ट्या आडव्या पट्टीवर कुठेही सरकतात, त्यामुळे कमाल मापाच्या आतलं जवळपास सगळं बसतं. हातवाल्यात मात्र मध्ये एक प्लेट आणि तिला फुटलेले चार पंजे असतात. त्यातल्या काहींत भोकांच्या जागा ठरलेल्या असतात, आणि २०० व ४०० बसत असताना मधलं ३०० नेमकं बसत नाही असं होतं. म्हणून हातवाला घेताना 'कमाल ४०० बाय ४००' एवढं वाचून थांबू नका. तुमचं माप त्या यादीत आहे का ते बघा, नाहीतर दुकानातच खोका उघडून टेप लावा.

माप जुळलं नाही तर वरच्या दोनच भोकांत स्क्रू मारून काम भागवणारे फिटर आहेत. तसं करू देऊ नका. खालचे स्क्रू नसतील तर सगळं ओझं वरच्या दोन नटांवर येतं, आणि ते नट प्लॅस्टिकमागच्या पातळ पत्र्यात बसवलेले असतात. टीव्हीच्या पाठीत नवीन भोक पाडणं तर विसराच. माप वाढवून देणाऱ्या जोडपट्ट्या मिळतात. सरळ ब्रॅकेटला त्या चालतात, पण टीव्ही भिंतीपासून आणखी बाहेर येतो, आणि हातवाल्याला हे परवडत नाही. का ते पुढे.

स्क्रूबद्दल थोडक्यात. २०० बाय २०० ला बहुधा ६ मिमी जाडीचा, म्हणजे एम ६ लागतो. मोठ्या टीव्हींना बऱ्याचदा एम ८. जाडी चुकली तर लगेच कळतं, लांबी चुकली तर कळत नाही आणि तिथेच नुकसान होतं. भोकात टूथपिक अलगद टेकेपर्यंत घाला, नखाने खूण करा आणि खोली मोजा. समजा ती १२ मिमी भरली. पट्टीचा पत्रा २ मिमी, आणि पाठ फुगीर असल्यामुळे मधे घालायची ८ मिमीची नळी, म्हणजे स्पेसर लागला, तर २० मिमीचा स्क्रू आत १० मिमी जाईल, ते बरोबर. तोच स्क्रू स्पेसर न लावता घुसवला तर १८ मिमी आत जाऊन तळाशी टेकेल, पुढे आवळला की पॅनेलला किंवा बोर्डाला भिडेल. सुरुवातीचे तीन-चार आटे हाताने फिरलेच पाहिजेत. दुसऱ्याच आट्याला अडत असेल तर आटे वेगळे आहेत, बाहेर काढा. टीव्हीच्या स्क्रूला ड्रिल मशीन लावणाऱ्याला तिथेच थांबवा, स्क्रू-ड्रायव्हर हातात द्या.

दुसरा आकडा वजनाचा. टीव्हीचं वजन पायांशिवायचं बघा. खोक्यावर थर्माकोलसकट वजन दिलेलं असतं, ते आपल्या कामाचं नाही. सरळ ब्रॅकेट घेताना त्याची क्षमता टीव्हीच्या निदान दुप्पट असावी, हातवाल्याची तिप्पट, असा माझा शिरस्ता आहे. हा काही नियम नाही. स्वस्त मालावर छापलेले आकडे कोणी तपासलेत हे कळायला मार्ग नसतो, म्हणून तेवढी जागा ठेवतो.

आता हाताचं. पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरली तर सहज पेलते, हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. इथे खांदा म्हणजे भिंतीवरच्या प्लेटचे वरचे स्क्रू. समजा प्लेटवरच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंत १८ सेंमी अंतर आहे. टीव्ही १५ किलोचा आणि भिंतीपासून ५ सेंमीवर, म्हणजे सरळ ब्रॅकेटसारखा. वरच्या स्क्रूंना भिंतीबाहेर ओढणारा जोर १५ गुणिले ५ भागिले १८, म्हणजे जेमतेम ४ किलो. तोच टीव्ही हात ताणून ४५ सेंमी बाहेर आणला की १५ गुणिले ४५ भागिले १८, म्हणजे साडेसदतीस किलो. त्यात हाताचं स्वतःचं वजन मिळवा, चाळिशी ओलांडते. टीव्ही तोच, ओढ नऊ-दहा पट. शिवाय हा जोर रोज कमी-जास्त होत राहतो, कारण हात ओढायचा आणि परत ढकलायचा असतो. लहान मूल कोपऱ्याला लोंबकळलं तर हिशोबच वेगळा. दुसरं असं की सरळ ब्रॅकेटची पट्टी दीड-दोन फूट रुंद असते, चार ते सहा ठिकाणी धरलेली. हातवाल्याची प्लेट अनेकदा वीतभर रुंदसुद्धा नसते. सगळी ओढ भिंतीच्या एवढ्याशा तुकड्यावर.

म्हणून भिंत. हिंजवडीतल्या नव्या इमारतींत दोन शक्यता मुख्य. एक, ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेली पूर्ण काँक्रीटची भिंत. दुसरी, हलक्या ब्लॉकची, ज्यांना लोक सरसकट सिपोरेक्स म्हणतात. बिल्डरच्या माणसाला विचारा, पण खात्री स्वतः करा. टीव्हीमागे झाकली जाईल अशा जागी ५ मिमीचं एक भोक पाडा आणि खाली कागद धरून भुकटी बघा. पहिले १२-१५ मिमी गिलावा जाईल, ते सोडून द्या. त्यानंतर ड्रिलचा ठोके देणारा हॅमर मोड लावूनही ड्रिल सावकाश जात असेल आणि करडी, जड भुकटी येत असेल तर काँक्रीट. लाल भुकटी म्हणजे वीट. आणि हॅमर बंद असतानाही ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत शिरलं, पांढुरकी पिठासारखी भुकटी पडली, तर तो ब्लॉक आहे. ठोकल्यावर पोकळ आवाज आला आणि अर्ध्या इंचातच ड्रिल पलीकडे रिकाम्यात गेलं तर ती जिप्सम बोर्डाची पार्टिशन. तिच्यावर हातवाल्याचा विषयच काढू नका.

काँक्रीट असेल तर तुम्ही सुटलात. ८ किंवा १० मिमीचे लोखंडी फास्टनर, भोकातली भुकटी फुंकून साफ केलेली, एवढं पुरतं. विटेची भिंत असेल तर ती ६ इंची आहे की ४ इंची बघा. ड्रिल विटांमधल्या सांध्यात शिरलं तर गिट्टी, म्हणजे प्लॅस्टिकचा रॉल प्लग, ढिला पडतो. ब्रॅकेटला लांबट खाचा दिलेल्या असतात त्या यासाठीच, दोन सेंमी सरकवून विटेत घ्यायचं. ४ इंची विटेवर हातवाला मी टाळतो.

सगळ्यात जास्त घोळ ब्लॉकमध्ये होतो. बाजारातला नेहमीचा लोखंडी फास्टनर फुगून पकड घेतो. काँक्रीट ते सहन करतं, ब्लॉक आतल्या आत चुरडला जातो. आवळताना स्क्रू घट्ट होतो, मग एकदम हलका फिरायला लागतो. तो हलकेपणा म्हणजे आतली पकड गेली. काही वेळा हे त्या दिवशी कळतही नाही. महिन्याभराने प्लेटच्या वरच्या कडेला आणि भिंतीला केसभर फट दिसते, गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. तसं दिसलं की टीव्ही आधी उतरवा, कारण नंतर शोधा.

ब्लॉकला लांब नायलॉनचे प्लग मिळतात, 'एएसी ब्लॉकसाठी' असं पाकिटावर लिहिलेले. भोक हॅमर बंद ठेवून पाडायचं, आणि प्लगचा पकड घेणारा भाग पूर्णपणे गिलाव्याच्या पलीकडे गेला पाहिजे. सरळ आणि कलणाऱ्या ब्रॅकेटला, १५ किलोच्या टीव्हीसाठी, हे चांगलं चालतं. हातवाल्यासाठी मात्र केमिकल अँकर लागतो: भोक साफ करून त्यात राळ भरायची, आटेवाली सळई घालायची, आणि नळीवर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही. पलीकडची खोलीही तुमचीच असेल तर आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी हा आणखी खात्रीचा मार्ग आहे, फक्त बेडरूमच्या भिंतीवर पट्टी दिसते. घरच्यांना विचारून.

एक उपप्रकार सांगायलाच हवा, कारण नव्या फ्लॅटमध्ये तो असतोच. सुतार टीव्हीमागे प्लायचं, लॅमिनेटचं पॅनेल करतो आणि 'यावर काहीही लावा' म्हणतो. पॅनेल स्वतः पातळ पट्ट्यांवर बारीक स्क्रूंनी धरलेलं असतं. सरळ ब्रॅकेटसाठी लांब स्क्रू पॅनेलमधून थेट भिंतीत जाऊ द्या, आणि पॅनेलमागे जिथे पोकळी आहे तिथे आधी लाकडाचा भराव घालून घ्या. नाहीतर आवळताना प्लाय आत दबतो. हातवाला निव्वळ पॅनेलवर नको.

आता खरा प्रश्न: तुम्हाला हात लागतोच का? सोफ्यावर बसून टीव्हीच्या मध्याकडे एक सरळ रेष कल्पा. मग डायनिंगच्या खुर्चीवरून टीव्हीच्या मध्याकडे दुसरी, आणि ती भिंतीला काटकोनात असलेल्या रेषेपासून किती फाकते ते मोजा. टीव्हीच्या जागेपासून भिंतीसरळ दोन मीटर पुढे या, तिथून बाजूला जा. डायनिंगच्या खुर्चीवरून टीव्हीकडे जाणाऱ्या रेषेवर पोचेपर्यंत तुम्हाला सव्वा मीटरपेक्षा कमी सरकावं लागलं, तर कोन साधारण तिशीच्या आसपास किंवा कमी आहे. तेवढ्यावरून जेवताना बातम्या किंवा मालिका बघायला काही अडत नाही. त्यासाठी हातवाला घेणं म्हणजे भिंतीवर विनाकारण ओझं. टीव्ही एखादा वीत डायनिंगच्या बाजूला सरकवला तर आणखी सोपं.

कोन ४५ च्या पुढे असेल तर हात हवा. पण मग त्याची लांबीही हवी. ५५ इंची टीव्ही १२२ सेंमी रुंद असतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ६१. तो ३० अंशांत वळवायचा तर आतली कड भिंतीला लागू नये म्हणून मध्य किमान ३० सेंमी बाहेर यावा लागतो, ४५ अंशांसाठी ४३ सेंमी. २५ सेंमी पोहोचणारा छोटा हात घेऊन 'टीव्ही वळतच नाही' म्हणणारे बरेच भेटतात. दोष हाताचा नसतो. आणि टीव्ही फर्निचरच्या खणात बसवला असेल तर बाजूच्या फळ्या हे सगळं हाणून पाडतात.

सरळ की कलणारा, हे उंचीवर ठरतं. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून १०० ते १०५ सेंमीवर असतात. टीव्हीचा मध्य त्याच्या फूटभर वरखाली असेल तर सरळ घ्या आणि पैसे वाचवा. पण आपल्याकडे खाली युनिट, त्यावर सेट-टॉप बॉक्स, त्यावर फोटो, म्हणून टीव्ही हळूहळू वर सरकत जातो. समजा मध्य १५० वर गेला, डोळे १०५ वर आणि सोफा २७० सेंमी लांब. फरक ४५ भागिले २७०, हा कोन साडेनऊ अंशांच्या आसपास येतो. कलणारे ब्रॅकेट साधारण १० ते १५ अंश खाली झुकतात, म्हणजे बरोबर भागतं. समोर खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल तर झुकवल्यामुळे तिचं प्रतिबिंबही खाली जमिनीकडे जातं, हा मी कलणारा सुचवण्यामागचा अर्ध्याहून जास्त भाग. त्याचा एक त्रास म्हणजे बाजूचे बोल्ट ढिले असले की जड टीव्ही आपोआप झुकत जातो; कोन ठरवून झाला की ते आवळायला विसरू नका.

सरळ ब्रॅकेटची अडचण वेगळीच असते. तो टीव्ही भिंतीपासून अडीच-तीन सेंमीवर ठेवतो आणि आपला तीन पिनांचा प्लग त्याहून जास्त पुढे येतो. टीव्हीमागे बरोबर प्लगच्या जागी बोर्ड असेल तर एक तर बोर्ड हलवा, नाहीतर कलणारा घ्या. एचडीएमआयची भोकं बाजूला आहेत की पाठीत सरळ मागे, तेही बघून ठेवा. पाठीत असतील तर केबल जागेवर काटकोनात वळत नाही, तिला वाव लागतो.

तुमच्यापुरतं म्हणाल तर: भुकटी पिठासारखी निघाली आणि कोन तिशीच्या आत असेल, तर कलणारा, ४०० बाय ४०० पर्यंतचा, ३० किलोहून जास्त क्षमतेचा. काँक्रीट निघालं आणि कोन खरंच मोठा असेल, तर हातवाला घ्या, पण दोन समांतर हातांचा, किमान ४५ सेंमी पोहोचणारा, ४५ किलोचा. ब्लॉक निघाला आणि कोनही मोठा आहे, तर केमिकल अँकर लावणारा माणूस आधी शोधा, ब्रॅकेट नंतर. कंपनीचा मोफत फिटर बहुधा आपल्यासोबत आणलेला सरळ ब्रॅकेट लावून जातो आणि बाकीच्याला हात लावत नाही, तेव्हा त्याला बोलावण्याआधीच हे ठरवा.

भोकं पाडायच्या वेळी एवढं करा. टीव्हीची भोकं क्वचितच बरोबर मध्यावर असतात, बऱ्याचदा खाली सरकलेली असतात. तुमच्या टीव्हीची उंची ७१ सेंमी धरू, मध्य जमिनीपासून ११५ वर हवा. म्हणजे खालची कड साडेएकोणऐंशीवर. टीव्हीच्या खालच्या कडेपासून वरची भोकं समजा ४५ वर आहेत, तर ती भिंतीवर साडेएकशेचोवीसला येतात. ब्रॅकेटची आकडी भोकाच्या ३ सेंमी वर असेल तर भिंतीवरच्या पट्टीची वरची कड साडेएकशेसत्तावीसवर. हे आकडे मास्किंग टेपवर लिहून भिंतीला चिकटवा, स्पिरिट लेव्हल लावा, आणि बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ आडवं ड्रिल लावू नका. वायरी तिथूनच जातात.